उघड्या पोथीची परीक्षा

पुस्तक उघडे ठेवून धर्मग्रंथावर परीक्षा घ्यायची म्हटले की प्रश्नांची जुनी ठेवण टिकत नाही. ‘गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील सतराव्या श्लोकाचा अर्थ लिहा’ हा प्रश्न पुस्तक मिटलेले असताना स्मरणशक्तीची परीक्षा घेतो. तोच प्रश्न पुस्तक समोर ठेवून विचारला, तर पान किती लवकर सापडते आणि अक्षर किती वेगाने चालते एवढेच तपासले जाते. गीतेवर प्रवचने, पाठांतर-स्पर्धा आणि परीक्षा महाराष्ट्रात नव्या नाहीत. मात्र उतारा समोर ठेवून ‘हा असाच का वाचायचा?’ असे विचारणारी प्रश्नपत्रिका क्वचितच पाहायला मिळते. अशी प्रश्नपत्रिका कशी बांधायची हे एका उताऱ्यावरून पाहता येते. तो उतारा म्हणजे भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील श्लोक १७ ते २२.

उतारा निवडतानाच निम्मे काम होते. अर्थनिर्णयाच्या परीक्षेला सुंदर किंवा प्रसिद्ध उतारा पुरत नाही. ज्यात एखादा खरा सांधा आहे असा उतारा लागतो. सांधा म्हणजे अशी जागा, जिथे शब्द एकच असून तो दोन प्रकारे जोडता येतो आणि दोन्ही प्रकारांना ग्रंथातच आधार सापडतो. परीक्षकाला एक सोपी कसोटी लावता येते. विषय जाणणारे दोन शिक्षक त्या उताऱ्यावर पुस्तकात बोट ठेवून एकमेकांशी वाद घालू शकतील का? घालू शकत नसतील, तर विद्यार्थ्याला तिथे करण्यासारखे काही नाही. तो फक्त सारांश लिहील. उताऱ्याची लांबीही बेताची हवी. पाच ते दहा श्लोक पुरेसे असतात. त्याहून मोठा भाग दिला की विद्यार्थी नेमके वाचणे सोडून गोष्ट सांगू लागतो.

तिसऱ्या अध्यायातील या सहा श्लोकांचा आशय थोडक्यात असा. सतराव्या आणि अठराव्या श्लोकांत म्हटले आहे की जो आत्म्यातच रमतो, तिथेच तृप्त आणि संतुष्ट असतो, त्याला करायचे असे काही उरत नाही. काही केल्याने किंवा न केल्याने त्याला मिळवायचे नसते आणि तो कोणावर अवलंबून नसतो. एकोणिसावा श्लोक ‘तस्मात्’, म्हणजे ‘म्हणून’, या शब्दाने सुरू होतो आणि अर्जुनाला सांगतो की आसक्ती सोडून आपले कर्तव्य कर्म कर. पुढे जनकासारख्यांचा दाखला येतो, लोकसंग्रहाचा उल्लेख येतो, श्रेष्ठ माणूस वागतो तसे इतर वागतात हे येते. शेवटी श्रीकृष्ण स्वतःचेच उदाहरण देतात. तिन्ही लोकांत मला मिळवायचे काही नाही, तरी मी कर्म करतो, असा त्या बोलण्याचा अर्थ.

सांधा आहे तो ‘तस्मात्’ या शब्दात. ज्ञानी माणसाला कर्तव्य उरत नाही असे म्हटल्यावर लगेच ‘म्हणून तू कर्म कर’ हे कसे जुळते? आद्य शंकराचार्यांच्या भाष्यात याचे उत्तर असे आहे की अर्जुन त्या ज्ञानाच्या अवस्थेला पोचलेला नाही. ती सूट त्याला लागू नाही, म्हणून त्याने कर्म करावे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त हाच शब्द उलट बाजूने जोडला आहे. त्यांच्या मते सतरावा आणि अठरावा श्लोक ही कारणे आहेत आणि एकोणिसावा हे त्यांचे अनुमान आहे. ज्ञान्याला स्वतःसाठी काही मिळवायचे नसते, म्हणूनच तो निःस्वार्थपणे कर्म करू शकतो. अर्जुनाने तसेच करावे. पहिल्या वाचनात ज्ञानी आणि अर्जुन हे दोन वेगळे अधिकारी ठरतात. दुसऱ्या वाचनात ज्ञानी हाच अर्जुनापुढचा नमुना ठरतो. एका अव्ययाच्या जोडणीवर संन्यासमार्ग आणि कर्मयोग यांचा सगळा वाद उभा आहे, आणि हा वाद पुस्तकातले सहा श्लोक समोर ठेवून चालवता येतो. परीक्षेसाठी याहून चांगली जागा मिळणे कठीण.

आता यावर प्रश्न कसा घालायचा? पहिल्या फेरीत बहुतेक परीक्षक लिहितात, ‘शंकराचार्य आणि लोकमान्य टिळक यांच्या मतांची तुलना करा.’ वरवर हा विचाराला चालना देणारा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये दोन रकाने आखून तयार असते, आणि मूळ उतारा न उघडताही ते लिहिता येते. दुसऱ्या फेरीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘या श्लोकांचे आजच्या जीवनातील महत्त्व सांगा.’ हा त्याहून वाईट. त्याचे उत्तर कार्यालयातील ताण, तरुण पिढी आणि निष्काम सेवा या शब्दांवर चार पाने चालते आणि उताऱ्याशी त्याची गाठ पडत नाही. असा प्रश्न अर्थनिर्णयाच्या परीक्षेतून काढूनच टाकावा.

उपयोगी पडतो तो प्रश्न साधारण असा असतो: ‘एकोणिसाव्या श्लोकातील “तस्मात्” हा शब्द मागच्या कोणत्या विधानाकडे बोट दाखवतो? सोबत दिलेल्या दोन वाचनांपैकी एक निवडा किंवा तिसरे मांडा. आपल्या बाजूने उताऱ्यातील किमान दोन आणि गीतेच्या इतर भागांतील एक आधार द्या. त्यानंतर आपल्या वाचनाला सर्वांत अडचणीचा ठरणारा एक श्लोक स्वतः शोधून काढा आणि त्याचे काय करायचे ते सांगा.’ दोन्ही भाष्यकारांची मते प्रश्नपत्रिकेतच चार-चार ओळींत छापून द्यावीत. मते आठवण्याला गुण नाहीत हे त्यामुळे पहिल्याच पानावर स्पष्ट होते.

या प्रश्नाचा जीव शेवटच्या वाक्यात आहे. आपल्या बाजूचे श्लोक पुस्तकामागच्या सूचीवरूनही सापडतात. आपल्याविरुद्ध जाणारा श्लोक शोधायला मात्र आपले वाचन नेमके काय म्हणते आणि कुठे दुबळे आहे हे कळावे लागते. टिळकांची बाजू घेणाऱ्याला सतराव्या श्लोकालाच तोंड द्यावे लागते, कारण ‘कर्तव्य उरत नाही’ हे शब्द तिथे स्पष्ट आहेत. त्याला सहाव्या अध्यायातील तिसरा श्लोकही अडवतो. योगावर चढू पाहणाऱ्याला कर्म हे साधन आणि चढून गेलेल्याला शम हे साधन, असे तिथे म्हटले आहे. शंकराचार्यांची बाजू घेणाऱ्याला बाविसावा श्लोक सुखाने बसू देत नाही. ज्याला काहीच मिळवायचे नाही तो श्रीकृष्णच तिथे कर्मात वावरतो. पाचव्या अध्यायाचा दुसरा श्लोकही आहे, ज्यात संन्यास आणि कर्मयोग दोन्ही कल्याणकारक म्हणून कर्मयोग अधिक चांगला ठरवला आहे.

भाष्यकारांनीही या अडचणी टाळलेल्या नाहीत, आणि विद्यार्थ्याला हे दाखवून देण्यासारखे आहे. विसाव्या श्लोकातील जनक कर्म करीतच सिद्धीला पोचला, हे शंकराचार्यांच्या वाचनाला सरळ खटकते. त्यांच्या भाष्यात यावर दोन पर्याय मांडलेले आहेत. जनकादिकांना ज्ञान झालेले असेल, तर प्रारब्धामुळे ते लोकसंग्रहासाठी कर्मात राहिले असे समजावे. ज्ञान झालेले नसेल, तर कर्माने चित्त शुद्ध होत ते क्रमाने सिद्धीला गेले असे समजावे. आठव्या शतकाच्या सुमाराचा हा लेखक प्रतिकूल श्लोक बाजूला सारत नाही, दोन्ही शक्यता तपासून पाहतो. परीक्षेत गुण द्यायचे आहेत ते याच हालचालीला.

पूर्वपक्ष आणि सिद्धान्त ही आपल्याकडची जुनी रीत इथे आयती हाताशी आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी मीमांसकांनी काही खुणा सांगितल्या आहेत: ग्रंथ सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे, कोणती गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली आहे, नवे काय सांगितले आहे, फळ कोणते, स्तुतिपर भाग कोणता आणि युक्तिवाद कोणता. ‘गीतारहस्या’च्या पहिल्या प्रकरणात टिळकांनी याच खुणांचा आधार घेतला आहे. उत्तर तपासण्याचे निकष बाहेरून आणायची गरज नाही. विद्यार्थ्याने एखादे विधान एकदा आले म्हणून उचलले की ते पुन्हापुन्हा येते हे दाखवले, स्तुतीचे वाक्य आज्ञा समजून घेतले की दोन्हींतला फरक ओळखला, एवढे पाहिले तरी त्याच्या वाचनाचा दर्जा कळतो.

परीक्षागृहात कोणते पुस्तक न्यायचे, हा प्रश्न किरकोळ दिसतो. परंतु सगळी न्याय्यता त्यावर ठरते. ‘हवे ते पुस्तक आणा’ असे म्हटले की एकाकडे घरातली टीकांची कपाटभर पुस्तके येतात आणि दुसऱ्याकडे खिशात मावणारी गीता. उत्तम उपाय म्हणजे सर्वांना एकच पोथी देणे: सातशे श्लोकांची मूळ संहिता, प्रत्येक श्लोकाखाली पदच्छेद, अन्वय आणि सरळ मराठी अर्थ, टीका नाही. पदच्छेद अत्यावश्यक आहे. नुसत्या मराठी अर्थावर परीक्षा घेतली, तर भाषांतरकाराने जो निर्णय आधीच घेतला तो विद्यार्थ्याला मूळचाच वाटतो. एखाद्या भाषांतरात ‘तस्मात्’चे ‘म्हणून तूही’ झालेले असेल, तर वादाचा निकाल त्या एका ‘ही’ने लागून गेला. ‘तू’पुढचा ‘ही’ संस्कृतात नाही हे ज्या विद्यार्थ्याला पदच्छेदावरून दिसले, त्याने परीक्षेचे अर्धे काम केले.

टिपणे आणू द्यावीत का यावर शिक्षकांत दोन मते असतात. एका कागदाच्या दोन बाजूंवर स्वतःच्या हाताने लिहिलेली टिपणे चालू द्यावीत, हा मधला मार्ग चांगला चालतो. एका कागदात काय बसवायचे हे ठरवतानाच विद्यार्थी वाचतो. छापील गाइड आणि झेरॉक्सची चळत यांना मात्र दार बंद असावे. त्यांनी परीक्षा पुन्हा शोधाशोधीवर येते.

उतारा आधी जाहीर करायचा का, याचा एक अनुभव देशाच्या गाठीशी आहे. सीबीएसईने २०१४ पासून नववी आणि अकरावीच्या काही विषयांत उघड्या मजकुरावरचे प्रश्न ठेवले होते. मजकूर परीक्षेच्या काही महिने आधी शाळांना दिला जाई. पुढे २०१७-१८ पासून ही पद्धत बंद झाली. मजकूर महिनोन्‌महिने आधी हातात असला की त्यावरची संभाव्य उत्तरेही आधीच तयार करता येतात, आणि परीक्षेच्या दिवशी उरते ती आठवणच. गीतेच्या बाबतीत ग्रंथ सर्वांना ठाऊकच असतो. अध्यायांची यादी द्यावी, पण नेमका उतारा आणि त्यातला सांधा प्रश्नपत्रिका उघडल्यावरच दिसावा. वर्गात मात्र असे सांधे वर्षभर उकलून दाखवलेले असले पाहिजेत. कौशल्य शिकवायचे आणि उतारा नवा द्यायचा. ‘तस्मात्’वर वर्गात चर्चा झाली असेल, तर परीक्षेत अठराव्या अध्यायातील सहासष्टावा श्लोक द्यावा. सर्व धर्म सोडून मला शरण ये असे सांगणाऱ्या त्या श्लोकातले ‘धर्म’ कोणते, यावर शंकराचार्य, रामानुजाचार्य आणि टिळक यांची तीन वाचने आहेत.

वेळेचा हिशेब उदार हवा. दोन तासांत दोन प्रश्न पुरे. त्याआधी पंधरा-वीस मिनिटे फक्त वाचनाची असावीत आणि त्या वेळेत उत्तरपत्रिका दिलेलीच नसावी. तीन तासांत आठ प्रश्न घातले की पाने उलटण्यात वेळ जातो आणि ज्याने आधीच उत्तर घोकले आहे तोच जिंकतो. उत्तराला मर्यादाही घालावी. पाचशे शब्दांत हा युक्तिवाद नीट मांडता येतो. श्लोक उतरवून काढायची गरज नाही, अध्याय आणि श्लोकाचा क्रमांक पुरेसा आहे, ही सूचना ठळक छापावी.

वीस गुणांच्या प्रश्नाची विभागणी अशी करता येते. शब्द आणि त्यांची जोडणी नेमकेपणाने पाहिली असेल तर सहा गुण. निरीक्षणापासून निष्कर्षापर्यंतची वाट दाखवली असेल तर सहा. प्रतिकूल श्लोक प्रामाणिकपणे शोधून त्याला उत्तर दिले असेल तर पाच. मांडणीचे तीन. कोणत्या आचार्याची बाजू घेतली याला एकही गुण नाही, आणि किती श्लोकांचे आकडे दिले यालाही नाही.

तीन उत्तरे कल्पनेने शेजारी ठेवली की ही विभागणी कशी चालते हे दिसते. पहिला विद्यार्थी कर्मयोगावर सुबक मराठीत तीन पाने लिहितो, बारा श्लोकांचे क्रमांक देतो, पण ‘तस्मात्’कडे पाहतच नाही. त्याला मांडणीचे तीन आणि निरीक्षणाचे एखाद-दोन, असे पाचच्या आत गुण मिळतात. दुसरा टिळकांची बाजू घेतो, सतराव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचा कार्यकारणभाव नीट उलगडतो, बावीसाव्याचा आधार देतो आणि मग ‘या वाचनाला कोणताही श्लोक विरोधी नाही’ असे लिहितो. त्याचे पाच गुण जातात, उरलेले बहुतेक मिळतात. तिसऱ्या विद्यार्थिनीचे अक्षर गिचमिड, उत्तर दीड पानाचे. ती शंकराचार्यांची बाजू घेते. अठराव्या श्लोकापर्यंत ज्ञान्याबद्दल तृतीय पुरुषात बोलणारा वक्ता एकोणिसाव्यात अर्जुनाला ‘तू’ म्हणून आज्ञा करतो, हा पुरुषबदल तिने टिपला आहे. बाविसावा श्लोक आपल्या वाचनाला जड जातो हे ती मान्य करते, आणि श्रीकृष्ण तिथे साधकाचे नव्हे, ईश्वराचे कर्म सांगतो असे उत्तर देते. ते उत्तर पुरेसे नाही असेही शेवटच्या ओळीत लिहून ठेवते. या तिघांत सर्वाधिक गुण तिचे. आपल्या युक्तिवादाची सीमा कळणे हे या परीक्षेत उणेपण धरायचे नाही.

सवयीच्या परीक्षकाच्या हातून इथेच चूक होते. त्याला पहिल्या उत्तराचा ओघ आवडतो आणि तिसऱ्याच्या शेवटच्या ओळीत अनिश्चितता दिसते. म्हणून गठ्ठा तपासायला घेण्याआधी दोन परीक्षकांनी त्याच दहा उत्तरपत्रिका एकमेकांना न दाखवता तपासाव्यात आणि गुण शेजारी ठेवावेत. एखाद्या उत्तरात तीनहून अधिक गुणांचा फरक पडला, तर निकषाचे कोणते वाक्य दोघांनी वेगळे वाचले ते शोधावे. आदर्श उत्तर एकच छापून देऊ नये. ते दिले की बाकीची सगळी वाचने चूक ठरू लागतात. त्याऐवजी प्रत्येक वाचनाला कोणत्या श्लोकांना तोंड द्यावे लागेल याची यादी परीक्षकांकडे असावी.

‘अर्थ लावायचा म्हणजे काहीही चालेल’ हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोडून काढण्याची जबाबदारी निकषांची आहे. एखाद्याने लिहिले की ‘तस्मात्’ हा शब्द दुसऱ्या अध्यायात सांगितलेल्या अपकीर्तीच्या भीतीकडे बोट दाखवतो, तर ते वाचन नवे असले तरी टिकत नाही. मधे संपूर्ण विषय बदललेला आहे, आणि एकोणिसावा श्लोक आसक्ती सोडायला सांगतो तर अपकीर्तीची भीती ही आसक्तीच आहे. असे उत्तर चूक का, हे पुस्तकावरूनच दाखवता येते. जे वाचन ग्रंथातील शब्दांनी खोडता येत नाही आणि सावरताही येत नाही, त्याला गुण नाहीत.

श्रद्धेचा प्रश्न नाजूक असतो. वर्गात नित्य गीतापाठ करणारा असतो, तसा दुसऱ्या धर्माचा आणि कशावरच विश्वास नसलेलाही असतो. या तिघांनाही पूर्ण गुण मिळू शकतील असाच प्रश्न हवा. ‘तुम्हाला हा उपदेश पटतो का?’ हे विचारणे म्हणजे मनाची झडती घेणे आहे. ‘उतारा काय म्हणतो आणि तसे म्हणतो हे कशावरून?’ एवढेच विचारावे. भक्ताला यात ग्रंथाचा अवमान वाटण्याचे कारण नाही, कारण आचार्यांनीही हेच केले.

प्रश्न जमला की नाही हे परीक्षेआधी कळू शकते. एका सहकाऱ्याला प्रश्न द्यावा, पण पोथी देऊ नये. फक्त बाजारातले गाइड द्यावे. त्याने अर्ध्या तासात वीसपैकी बारा गुणांचे उत्तर लिहिले, तर प्रश्न पुन्हा घालावा. परीक्षेनंतरची खूणही सोपी आहे. बहुतेक उत्तरांत तेच तीन श्लोक त्याच क्रमाने आले असतील, तर ते विद्यार्थ्यांनी शोधलेले नाहीत, कुणीतरी पुरवलेले आहेत.

पाठांतराची जागा या परीक्षेने जात नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्याला सातशे श्लोक मुखोद्गत आहेत त्याला सहाव्या अध्यायातील तिसरा श्लोक क्षणात आठवतो, तर इतरांना पाने चाळावी लागतात. संस्कृत न येणारा विद्यार्थी पदच्छेद असूनही मागे पडतो. म्हणून पहिल्या वर्षाला या पद्धतीचा एकच प्रश्न ठेवावा आणि बाकीची परीक्षा मिटल्या पुस्तकाची असावी. पूर्ण प्रश्नपत्रिका उघड्या पोथीची करायची, तर वर्गाने त्याआधी किमान एक अध्याय शब्द धरून वाचलेला असला पाहिजे, आणि त्यासाठी त्रेचाळीस श्लोकांचा तिसरा अध्याय पुरेसा आहे.